शेठचा ट्रक वळत नव्हता

पन्नाशी ओलांडलेल्या तीन माणसांनी दर रविवारी दुपारी जेवण करून एका खोट्या ट्रकमधून फिरायला निघायचं, यात सांगण्यासारखं काही नाही असं आमच्या घरचं मत आहे. बायको तर पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "अहो, खरे ट्रक जातात की समोरच्या रस्त्यानं. गॅलरीत उभं राहा आणि बघा. डेटा तरी वाचंल."

तिला काय सांगणार. आम्ही तिघं एका वर्गात होतो. एकजण ताडकळसला पाणबुडी मोटारी, पाइप आणि नटबोल्टचं दुकान चालवतो. त्याला आम्ही शेठ म्हणतो. दुसरा पुण्यात बँकेत आहे; तो साहेब. मी परभणीत शाळेवर, म्हणून मास्तर. भेटी होत नव्हत्या. फोन केला की दोन मिनिटांत "बाकी काय" वर येऊन गाडी थांबायची. शेठच्या मुलीनं शिकायला जाताना आपला खेळाचा कॉम्प्युटर घरी ठेवला, शेठनं तो उघडून बघितला आणि त्यात त्याला ट्रक चालवायचा खेळ सापडला, तिथून आमचं सुरू झालं. शेठ चालवणार, त्याचा पडदा व्हिडिओ कॉलवर आम्हाला दिसणार. साहेब रस्ता सांगणार. आणि मी क्लीनर. एम. ए. बी. एड. झालेला क्लीनर, पण पद पद असतं.

खेळ साधा. परदेशातले लांबच लांब रस्ते, माल भरायचा आणि दुसऱ्या गावी नेऊन टाकायचा. दोन्ही हातांत धरायचं एक यंत्र असतं, पोरं त्याला कंट्रोलर म्हणतात, शेठ हँडल म्हणतो. उजव्या हाताच्या बोटानं रेस द्यायची, डाव्या अंगठ्याखाली छोटी दांडी असते, तिनं वळायचं. अंगठा उचलला की दांडी आपोआप मध्ये येते आणि ट्रक सरळ जातो. इतकंच.

सुरुवातीला फार गमती झाल्या. पहिल्या रविवारी ट्रक मुकाच होता. पडदा दाखवताना आवाजही द्यायचा तर एका चौकटीत खूण करावी लागते, ती शेठनं केली नव्हती. त्यानं माईक उचलून स्पीकरपाशी धरला. तरी आम्हाला काही नाही. मुलगी फोनवर हसत हसत म्हणाली, "बाबा, माईकवर गोंगाट गाळायची सोय चालू हाय. तुमचं इंजिन त्याला गोंगाटच वाटणार." ती चाळणी तिनं मुद्दाम लावून दिली होती, नाहीतर शेठच्या खोलीतला कूलर आम्हाला झोपू घालायचा. मग तिनं ती खूण करायला लावली, आणि इंजिन माईकला वळसा घालून थेट कॉम्प्युटरमधून आमच्याकडे यायला लागलं, असं ढणढणीत की माझ्या हातातला चहा हिंदकळला.

पुढच्या रविवारी शेठ एकदम घाबरून म्हणाला, "मास्तर, मागं अजून एक ट्रक यायलाय बघ. मी रेस दिली की तोबी देतोय."

आरशात कुणी नव्हतं. तो ट्रक माझ्या घरातून येत होता. माझ्या लॅपटॉपच्या स्पीकरमधून बाहेर पडलेलं त्याचंच इंजिन माझ्या माईकमध्ये शिरून जरा उशिरानं त्याच्याकडे परत जात होतं. त्या दिवसापासून मी कानात वायर घालतो आणि बायको मला काय बोलते ते ऐकू येत नाही, हा त्यातला जोडफायदा.

सगळ्यात मोठी भानगड उशिराची होती; पोरं त्याला लॅग म्हणतात. शेठचा आवाज आमच्याकडे लगेच यायचा, पण त्याचा पडदा आणि ट्रकचा आवाज मागून यायचा, दोन सेकंद, नेट वाईट असलं तर चारसुद्धा. मी क्लीनर म्हणून ट्रक मागं घेताना "येऊ दे, येऊ दे, बस्स" असं ओरडायचो, तेव्हा तिकडे ट्रक भिंतीत घुसून शेठ खाली उतरायच्या बेतात असायचा. शेवटी आम्ही एक रीत काढली. निघण्याआधी शेठ हॉर्न दाबायचा आणि त्याच क्षणी तोंडानं "वाजवला" म्हणायचा. शब्द आला की आम्ही मोजायचं, आणि हॉर्न ऐकू आला की कळायचं आज किती मागं आहोत. तेवढं मी आधी ओरडायचं. आणि नेटवर ताण नको म्हणून तिघांनी आपापले कॅमेरे बंद ठेवायचे. साहेबाचं वाक्य होतं, "तुमची थोबाडं पाठ हायत मला. रस्ता नीट दिसू द्या." चेहरे बंद, रस्ता चालू. ते आम्हाला फार शहाणपणाचं वाटलं होतं.

मागच्या वैशाखातला तो रविवार. ऊन असं की रस्त्यावर कुत्रं नाही. आमच्या गल्लीत सकाळपासून वीज जात येत होती, त्यामुळे माझं नेट रडत होतं. शेठ दुकानावरच्या घरात एकटाच. त्याची बायको आणि मुलगी देवगाव फाट्याच्या पुढे एका साखरपुड्याला गेल्या होत्या. त्यानं आम्हाला सांगितलं की दहीभात खाल्ला, ताकाचा पेला घेऊन बसलोय, दुकानाचं शटर आतून लावून घेतलंय आणि आता संध्याकाळपर्यंत आपण सुटलो.

अडीचला हॉर्न झाला. मी मोजलं, तीन सेकंद मागं. माल भरलेला ट्रक त्यानं गोदामातून असा अलगद काढला की साहेब म्हणाला, "शेठ, दुकान सोड, लायसन काढ."

"लायसन कशाला," शेठ म्हणाला. "क्लीनरच असा भेटलाय की कुठंबी अडवत न्हाईत. दया येते लोकाला."

मग लांब सरळ रस्ता लागला. दोन्ही बाजूंना कसलंसं पिवळं पीक. साहेब आपल्या वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूचं गाऱ्हाणं सांगत होता, मी पेपर तपासणीचं. शेठ मध्ये मध्ये हाव हाव म्हणत होकार भरत होता. त्याचे हाव विरळ झाले ते आमच्या लक्षात आलं नाही. बोलणारी माणसं आम्ही. ऐकणारा गप्प झाला तर आम्हाला तो जास्त ऐकतोय असं वाटतं.

साहेब म्हणाला, "पुढं डावीकडं वळण हाय."

ट्रक वळला नाही. सरळ गेला, कठड्याला घासला, पिकात शिरला. इंजिनाचा आवाज तसाच, भरल्या रेसचा.

"मास्तर, तुझ्याकडं अडकलंय का?" साहेबानं विचारलं.

"माझ्याकडं सकाळपासून सगळंच अडकतंय," मी म्हणालो. "शेठ, जरा दमानं. नेट मागं हाय."

असं झालं की एक बटण दाबायचं, खेळच ट्रक उचलून परत रस्त्यावर ठेवतो; शेठनं ते दाबलं. पुढच्या वळणाला पुन्हा तेच. या वेळी वळण उजवीकडे होतं आणि ट्रक पुन्हा सरळच. पुन्हा तीच लांबलचक रेस, गाडी शेतात आणि बोट रेसवरच.

आम्ही हसलो. खोटं कशाला सांगू, चांगले पोटभर हसलो. साहेब म्हणाला, "शेठनं शेत घ्यायचं ठरवलेलं दिसतंय, गाडीसकट बघायलाय." मी म्हणालो, लॅग लय झाला आज. साहेब म्हणाला, लॅगच. तो शब्द आमच्या तोंडी आता पोथीतल्या शब्दासारखा बसला होता, कशालाही लावावा.

"हँडलचे सेल गेले वाटतं," शेठ म्हणाला. निदान मला तसं ऐकू आलं. शब्द जड होते, एकमेकांवर टेकलेले, जसं कुणी तोंडात पान धरून बोलावं.

"आवाज फाटायलाय तुझा," साहेब म्हणाला.

तिसऱ्या वळणाच्या आधी माझ्याकडची वीज स्थिर झाली असावी, कारण चित्र एकदम स्वच्छ झालं. रस्त्यावरचे पांढरे पट्टेसुद्धा एक एक दिसायला लागले. आणि त्या स्वच्छ रस्त्यावरून शेठचा ट्रक वळणाकडे निघाला, वळण आलं, आणि तो वळला नाही. घाई नाही, गडबड नाही. चालवणाऱ्यानं वळण पाहिलंच नाही असा सरळ गेला.

तेव्हा माझ्या डोक्यात एक साधी गोष्ट शिरली. वर्गात एखाद्या पोराला दहा वेळा समजावून सांगितलेलं गणित अकराव्यांदा आपल्यालाच कळतं, तशी.

"साहेब," मी म्हणालो, "लॅग आपल्याकडं हाय."

"तेच मनतोय की मी."

"तसं न्हाई. खेळ त्याच्याच कॉम्प्युटरवर चाललाय. त्याच्या पडद्यावर त्याला सगळं तिथल्या तिथं दिसतंय. उशीर आपल्याला दिसण्यात हाय. आपलं नेट बंद पडलं तरी त्याचा ट्रक वळायला पाहिजे. मग तो वळंना कामून?"

कानात फक्त इंजिन. इतकं स्वच्छ की मातीत फिरणारी चाकं कळत होती.

"शेठ," साहेब म्हणाला, आणि त्याचा आवाज बदलला होता, "रेस सोड जरा. बोल काहीतरी."

इंजिन खाली आलं. मग शेठ काहीतरी बोलला. सात-आठ शब्द असावेत. मला एकही कळला नाही.

"ती चाळणी खात असंल आवाज," साहेब घाईनं म्हणाला. तो मला सांगत नव्हता, स्वतःला सांगत होता. आणि ते पटण्यासारखं होतंही. इंजिन वेगळ्या वाटेनं येतं, बोलणं माईकच्या चाळणीतून. चाळणी कधी कधी माणसाचाही आवाज कुरतडते, हे आम्ही आधी पाहिलं होतं. "शेठ, ते गोंगाटाचं बंद कर बरं. खाली माईकच्या बाजूला बाण हाय, तिथं."

आम्ही थांबलो. माउस उजव्या हातानं धरायचा असतो आणि त्याचा उजवा हात ठीक होता, हे आता कळतं. पडद्यावर माउसचा बाण हळूहळू सरकताना दिसला, चुकला, परत आला.

आणि एकदम शेठची खोली माझ्या कानात शिरली. कूलरची घरघर. त्याच्या टाकीत पडणारं पाणी. लांब कुठंतरी मोटारसायकल. पंख्याचं कुरकुरतं पातं. सगळं स्पष्ट, जणू मी त्याच्या पलंगावर बसलोय. आणि त्या स्पष्ट खोलीच्या मध्ये बसून शेठ बोलला, आणि बोलणं तसंच होतं. चिखलातून पाय काढावा तसा एक एक शब्द.

कूलर फाटला नव्हता. पाणी फाटलं नव्हतं. फक्त शेठ.

"कॅमेरा लाव शेठ," मी म्हणालो.

"कशाला," एवढं कळलं. त्यात हसू होतं. त्याला काहीही झालेलं नव्हतं, त्याच्या मतानं. सेल गेले होते. ते हसू ऐकून माझ्या पाठीतून जे गेलं ते वैशाखातलं नव्हतं.

"लाव मनलं ना. साहेबाला तुझं थोबाड बघायचंय."

कॅमेरा लागला. पण पडदाही चालू, आवाजही चालू आणि वर चेहरा, इतकं त्याच्या नेटला झेपेना. कोपऱ्यातल्या चौकटीत चौकोनी ठिगळांचा एक माणूस आला. एक बाजू हलत होती, दुसरी ठिगळंच राहत होती. ती बाजू चित्रात अडकलीय की चेहऱ्यात, हे कळायला मार्ग नव्हता. मी पडद्याला नाक लावलं. साहेब पुण्यात आमचा कॉल टीव्हीवर लावायचा; तो टीव्हीपाशी जाऊन उभा राहिला असणार, कारण त्याचा श्वास ऐकू येत होता.

"पडदा बंद कर शेठ," साहेब म्हणाला. "ट्रक राहू दे तिथंच. शेअरिंग बंद कर. लाल बटण हाय बघ."

ट्रक गेला. इंजिन गेलं. ठिगळं हळूहळू विरघळली आणि चेहरा मोठा होऊन समोर आला.

ओठांचा डावा कोपरा खाली आला होता. बाकी शेठ तोच, दोन दिवसांची दाढी, कपाळावर घाम. उजवीकडून तो आमच्याकडे बघून हसत होता आणि डावीकडून कुणीतरी दुसरा, फार थकलेला, काही न करता बसला होता. छातीवर ताक सांडलेलं. ते त्याला माहीत नव्हतं. हँडल मांडीवर, त्यावर डावा हात ठेवल्यासारखा. ठेवलेला नव्हता, पडला होता.

माझ्या मागं बायको केव्हा येऊन उभी राहिली कळलं नाही. कानात वायर होती. तिनं ती ओढून काढली आणि म्हणाली, "अहो, भावजींचं तोंड बघा. आमच्या आईचं असंच झालं होतं."

"शेठ, दोन्ही हात वर कर," साहेब तिकडून म्हणत होता.

एकच वर आला. आणि शेठ आमच्याकडे अशा समाधानानं बघत होता, जणू दोन्ही केलेत.

त्यानंतरचं सगळं मला सलग आठवत नाही. आम्ही कामं वाटून घेतली ती बोलून नाही. साहेबानं कॉल सोडायचा नाही, शेठशी बोलत राहायचं, त्याला उठू द्यायचं नाही. उठला असता तर जिना होता. आणि मी माणूस शोधायचा. शेठच्या शेजाऱ्यांना फोन केला, वाजून वाजून बंद झाला. वैशाखातल्या दुपारी कोण उचलतं. मग दुकानासमोरचा हॉटेलवाला आठवला. मी ताडकळसला गेलो की त्याच्याकडेच चहा, म्हणून नंबर होता. त्यानं उचलला आणि म्हणाला, "बोला सर, लय दिवसानं."

मी सांगितलं. सांगताना "पक्षाघात" हा शब्द मला येईना. पोरांना शिकवलेला शब्द.

"लकवा का?" तो म्हणाला.

"असंल. शटर आतून बंद हाय. जीप बघा कुणाची. पाणी पाजू नका, खायला देऊ नका, गिळता यायचं न्हाई. परभणीला आणा. मी दवाखान्यात उभा राहतो."

"शटर तोडू का?"

"तोडा."

लॅपटॉपमधून आधी काही नाही. कूलर. साहेब बोलत होता, शाळेतल्या एका फळ्याबद्दल, कसल्यातरी मॅचबद्दल, काहीही. बँकेतला माणूस, सहसा शब्द मोजून बोलणारा; त्या दिवशी त्यानं बोलायला काही शिल्लक ठेवलं नाही. शेठ डोळे मिटायचा. साहेब म्हणायचा, "ए शेठ. झोपू नको. माझ्याकडं बघ. मास्तर बघायलाय तुला." मी बघत होतो. दुसरं काय करणार, पंचवीस-तीस किलोमीटरवरून. त्याचे मिटलेले डोळे उघडेपर्यंतचा वेळ नेटचा आहे की त्याचा, हे मला दर वेळी नव्यानं ठरवावं लागत होतं.

मग खालून पत्र्यावर धडका ऐकू आल्या. चाळणी बंद होती म्हणून ऐकू आल्या. शेठनं मान वळवली आणि उठायला लागला. दुकानदार तो, शटर वाजलं की गिऱ्हाईक.

"बस," आम्ही दोघं एकदम म्हणालो. "बस खाली."

तो अर्धा उठला आणि एका बाजूला कलला. चौकटीतून निम्मा बाहेर गेला. खुर्ची रिकामी दिसली, तिच्या मागं भिंतीवरचं कॅलेंडर. साहेब हाका मारत होता. कूलर, पाणी, धडका. मग जिन्यावर पावलं, आणि चौकटीत एक अनोळखी दंड आला, गोंदवलेला, आणि दोन माणसांनी शेठला उचलून धरलं. हॉटेलवाल्याचा चेहरा कॅमेऱ्यात आला. त्याला कुणाकडे बघून बोलायचं कळेना, म्हणून तो कीबोर्डकडे बघून म्हणाला, "नेतो आमी. शुद्धीवर हायत." आणि ते गेले. साहेब आणि मी त्या रिकाम्या खोलीकडे बघत राहिलो. कॉल बंद करायचं तिकडे कुणाला सुचलं नव्हतं, इकडे आम्हाला धीर नव्हता.

बायकोनं चपला माझ्यासमोर टाकल्या तेव्हा मी उठलो. शेठच्या मुलीला तिनंच फोन केला होता.

दवाखान्यात जीप आली, स्कॅनला नेलं, आणि तरुण डॉक्टरांनी बाहेर येऊन मला एकच गोष्ट विचारली. "हे सुरू कधी झालं? सगळ्यात शेवटी ते पूर्ण ठीक कधी होते, ते सांगा. रक्ताची गाठ आहे. विरघळवायचं इंजेक्शन आहे, पण ते ठराविक तासांच्या आतच देता येतं. वेळ टळल्यावर दिलं तर उलटा धोका, डोक्यात रक्तस्राव होऊ शकतो. अंदाज नको."

मी तोंड उघडलं. सांगणार होतो, बोलणं जड झालं तेव्हा. मग थांबलो. त्याच्या आधीची दोन वळणं होती. त्याच्याही आधी विरळ झालेले हाव होते. आम्ही ज्याला ज्याला लॅग म्हणालो होतो ते सगळं आता काढून घ्यायला पाहिजे होतं, आणि काढत गेलं की वेळ मागं मागं जात होता, आणि जितका मागं जाईल तितकी इंजेक्शनची शक्यता कमी.

मी साहेबाला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"पहिल्या वळणापासून," साहेब म्हणाला.

"पण त्याच्याआधी सरळ रस्ता होता," मी म्हणालो. "सरळ रस्त्यावर हात मेला काय आन जिता काय, ट्रक सरळच जातो. तिथं कळणार न्हाई."

"मग गोदामातून काढला तेव्हा. तिथं वळवला व्हता त्यानं. दोन्हीकडं. चांगला बोललाबी, तुझ्या दयेचं."

"तेव्हा ठीक होता. तेवढं पक्कं."

डॉक्टर आमच्याकडे, म्हणजे मी आणि माझ्या हातातला फोन, असे बघत होते. "गोदाम कुठलं? ते ट्रक चालवतात?"

"न्हाई हो. घरीच. कॉम्प्युटरवर," मी म्हणालो. आयुष्यात इतकं शरमून आणि इतकं गंभीरपणे मी कधी काही सांगितलेलं नाही. "जेवण झाल्यावर लगेच. अडीच वाजता. तोवर पूर्ण ठीक होता."

त्यांनी घड्याळ पाहिलं. मनात काहीतरी वजाबाकी केली. चेहऱ्यावरून उत्तर कळेना. मग म्हणाले, "बसतंय. थोडक्यात बसतंय," आणि आत गेले.

इंजेक्शन दिलं. शेठची बायको आणि मुलगी पोहोचल्या तेव्हा ऊन उतरलं होतं. मुलीनं मला काही विचारलं नाही. तिच्या आईनं फक्त एवढं म्हटलं, "तुमी बोलत होता ना भाऊजी त्यांच्याशी? मग बरं झालं." मी मान हलवली. काही हलवण्यासारखं तेवढंच होतं माझ्याजवळ.

डॉक्टर म्हणाले, बोलणं सुधारेल असं दिसतंय, जीव वाचलाय असं आज म्हणू नका, हाताचं आत्ताच काही सांगता येत नाही, आज-उद्या बघायचं. एकेकानं आत जायला परवानगी दिली. मी गेलो तेव्हा शेठ झोपला होता. डावा हात चादरीवर, तळवा वर. साहेबानं सांगून ठेवलं होतं, गेलास की दाखव. मी व्हिडिओ कॉल लावून फोन त्याच्याकडे धरला.

साहेब बराच वेळ बघत होता.

"मास्तर, चित्र अडकलंय का रे?"

"न्हाई."

"बघ नीट. हालंना काहीच."

मी फोन जरा वर केला. "सलाईन दिसतंय का? थेंब पडायलाय?"

"पडायलाय," साहेब म्हणाला. मग हळू आवाजात, "मग नेट ठीक हाय."

"नेट ठीक हाय."

मी फोन परत हातावर आणला. आम्ही दोघं त्या हाताकडे बघत राहिलो. नर्स येऊन काहीतरी बघून गेली. शेजारच्या खाटेवर कुणीतरी खोकत होतं. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग अंगठा, फक्त अंगठा, किंचित आत वळल्यासारखा झाला आणि परत गेला. मला भास वाटला. आपण ज्याची वाट बघतो ते दिसतंच, मास्तरकीत हे मी खूप पाहिलंय. कॉपी करणारा पोरगा आणि पास होणारा पोरगा दोन्ही.

"काय झालं?" साहेबानं विचारलं. माझा श्वास त्याला ऐकू गेला असावा. "मला काई दिसलं न्हाई. हालला का?"

माझ्या मनावर भरवसा नव्हता. थेंब पडत होते, पुण्यातून काही येत नव्हतं. चित्र तिकडे पोहोचेपर्यंत मी मोजत थांबलो.

"हां," साहेब म्हणाला. "अंगठा."